नागपूरच्या चळवळीची साधने : संदर्भसूचीचे विभाग आणि त्यांतील क्रम

प्रबंधाच्या शेवटी जी संदर्भसूची जोडलेली असते, तिच्याकडे आपल्याकडे बांधणावळीपूर्वी उरकायचे काम म्हणून पाहिले जाते. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात ती तयार करतो आणि मार्गदर्शक पानांची संख्या पाहून पुढे जातो. परंतु एखाद्या माणसाने आपल्या समाजाचा इतिहास कोणाच्या साक्षीवर उभा केला, हे त्या सूचीइतके उघडपणे दुसरे कोणतेच पान सांगत नाही. कोणाला साक्षीदार मानले, कोणाला भाष्यकार मानले आणि कोणाला 'इतर' म्हणून कोपऱ्यात ढकलले, याचा निवाडा सूचीच्या विभागांतच झालेला असतो. म्हणून या विभागांचा आणि त्यांतल्या क्रमाचा विचार मी येथे एका प्रत्यक्ष विषयाच्या आधारे करणार आहे. विषय आपल्या नागपूरचाच घेतो : 1900 ते 1942 या काळातील नागपूर परिसराची अस्पृश्यांची चळवळ.

या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती साधारणपणे काय काय येते? 1908 साली निघालेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर, 1921 च्या जनगणनेचा मध्यप्रांत-वऱ्हाडचा अहवाल, रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा 1916 चा चार खंडी ग्रंथ. किसन फागोजी बनसोडे यांची नियतकालिके. बाबासाहेबांची 'मूकनायक' आणि 'जनता' ही पत्रे. जुलै 1942 मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय परिषदेचा छापील अहवाल. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड. वसंत मून यांचे मध्यप्रांत-वऱ्हाडातील आंबेडकरपूर्व दलित चळवळीवरचे 1987 चे पुस्तक आणि 1995 ची 'वस्ती' ही आत्मकथा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (1989). कौसल्या बैसंत्री यांची हिंदीतली 'दोहरा अभिशाप' (1999). धनंजय कीर, एलिनॉर झेलियट, गेल ऑम्वेट यांचे ग्रंथ.

ही सगळी नावे एकाच अकारविल्हे यादीत घातली तर काय होते ते पाहा. 'म' आणि 'र' या दोन अक्षरांपाशी 'मजूर पत्रिका', 'मूकनायक', मून आणि रसेल हे लागोपाठ येतात. 1918 साली नागपुरात निघालेले पत्र, 1920 साली मुंबईत निघालेले पत्र, 1987 साली त्या काळाविषयी लिहिणारा संशोधक आणि 1916 साली आपल्या जातींची नोंद करणारा इंग्रज अधिकारी एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. वर्णमालेला त्यांच्यातला फरक ठाऊक नाही. वाचकाला मात्र तोच फरक हवा असतो. घडत असताना कोण बोलला आणि घडून गेल्यावर कोण बोलला, हे त्याला एका नजरेत दिसले पाहिजे. सूचीचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन विभाग करायचे ते याचसाठी.

येथे पहिली अडचण येते. 'प्राथमिक' हा पुस्तकाचा जन्मजात गुण आहे असे अनेकांना वाटते. जुने ते प्राथमिक आणि नवे ते दुय्यम, सरकारी ते प्राथमिक आणि खाजगी ते दुय्यम, असे ठोकताळे त्यातून तयार होतात. दोन्ही चुकीचे आहेत. साधन प्राथमिक की दुय्यम हे आपण विचारलेला प्रश्न ठरवतो. रसेल-हिरालाल यांच्या चौथ्या खंडात महार जातीवर प्रकरण आहे. महारांच्या उत्पत्तीविषयी जर तुम्ही लिहीत असाल तर ते प्रकरण दुय्यम आहे, कारण ऐकीव दंतकथा आणि इतरांच्या नोंदी यांतून एका अधिकाऱ्याने ते रचले आहे. पण 1916 साली राज्यकर्ते आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहत होते, हा तुमचा प्रश्न असेल तर तेच प्रकरण प्राथमिक होते. ग्रंथ तोच आणि पानेही तीच, पण विभाग बदलला.

'वस्ती'चे उदाहरण याहून बारीक आहे. वसंत मून यांचा जन्म 1932 चा. त्यामुळे 1940 नंतरच्या नागपुरातील महारवाड्याचे जीवन, तेथील आखाडे, समता सैनिक दलाची मुले, 1942 च्या परिषदेच्या वेळचे वातावरण, याविषयी ते साक्षीदार म्हणून बोलतात. त्या दशकासाठी 'वस्ती' हे प्राथमिक साधन आहे. मात्र 30 मे ते 1 जून 1920 या दिवसांत शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात जी परिषद भरली, तिच्याविषयी मून काही सांगतील तर ते ऐकलेले किंवा वाचलेले असणार, कारण त्या वेळी त्यांचा जन्म झालेला नव्हता. तेव्हा 1920 च्या परिषदेवर लिहिणाऱ्याने 'वस्ती' प्राथमिक विभागात टाकून तिच्या आधारावर 1920 ची विधाने करू नयेत. आत्मकथा हाती आली की लेखकाचे जन्मवर्ष आणि घटनेचे वर्ष शेजारी शेजारी लिहावे. निम्मा निकाल तेथेच लागतो.

तिसरे उदाहरण 'आम्हीही इतिहास घडवला' हे. या पुस्तकात एकीकडे लेखिकांनी मांडलेला स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास आहे, तर दुसरीकडे चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखती आहेत. पहिला भाग दुय्यम आणि दुसरा प्राथमिक. अशा वेळी विद्यार्थी एकच पुस्तक दोन्ही विभागांत पूर्ण तपशिलासह नोंदवतो आणि सूचीतील पुस्तकांची संख्या उगाच फुगते. पूर्ण नोंद एकदाच करावी, आपण जो भाग अधिक वापरला असेल त्या विभागात. दुसऱ्या विभागात एका ओळीचा निर्देश द्यावा : 'मुलाखतींसाठी पाहा, दुय्यम विभाग, पवार आणि मून'. या निर्देशाला क्रमांक देऊ नये, म्हणजे मोजणी चुकत नाही.

आता 'इतर' या शीर्षकाकडे वळतो. एका परीक्षकाने माझ्या एका विद्यार्थ्याच्या सूचीवर शेरा मारला होता की, गॅझेटियर आणि जनगणना प्राथमिक विभागात ठेवा, जातीय पत्रे आणि परिषदांची पत्रके 'इतर' विभागात न्या. हा शेरा तांत्रिक दिसतो, पण त्यामागे इतिहासाची एक भूमिका उभी आहे. गॅझेटियर लिहिणारा अधिकारी वस्तीबाहेरून पाहत होता. पत्रक छापणारा माणूस वस्तीत राहत होता. दोघेही त्या काळाचे साक्षीदार आहेत आणि दोघांचेही स्वतःचे हेतू आहेत. एकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि दुसऱ्याला बाहेर बसवायचे, याला संशोधनाच्या पद्धतीत काही आधार नाही. प्राथमिक विभागाचे पोटविभाग जरूर करावेत : अप्रकाशित कागदपत्रे, सरकारी छापील अहवाल, नियतकालिके, परिषदांचे अहवाल व पत्रके, आत्मकथा व मुलाखती. पण 'इतर' नावाचा पोटविभाग ठेवू नये. ज्या साधनाचे काय करायचे हे आपण ठरवलेले नसते तेच 'इतर'मध्ये जाते.

विभाग पाडले म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक विभागात कोणता क्रम ठेवायचा हा खरा कसोटीचा भाग आहे, आणि सर्व विभागांत एकच क्रम चालत नाही. नियतकालिकांचाच पोटविभाग घेऊ. नागपूरची आणि मुंबईची मिळून सहा पत्रे घ्या. अकारविल्हे लावली तर क्रम असा येतो : 'चोखामेळा', 'जनता', 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'मूकनायक', 'विटाळ विध्वंसक'. म्हणजे 1931 साली निघालेले पत्र सर्वांत वर आणि 1913 चे सर्वांत खाली. या यादीतून वाचकाला काहीही कळत नाही. तीच पत्रे सुरू झालेल्या वर्षाने लावा : 'निराश्रित हिंद नागरिक' 1910, 'विटाळ विध्वंसक' 1913, 'मजूर पत्रिका' 1918, 'मूकनायक' 1920, 'जनता' 1930, 'चोखामेळा' 1931. आता यादी बोलू लागते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला त्याच्या आधी बनसोडे यांनी नागपुरात तीन पत्रे काढली होती, आणि बाबासाहेबांचे 'जनता' सुरू झाल्यानंतरच्या वर्षी त्यांनी संत चोखामेळ्याच्या नावाने स्वतंत्र पत्र काढले. यात बाबासाहेबांच्या कार्याला उणेपणा येत नाही. नागपूरच्या भूमीत आधीच काही पेरले गेले होते आणि पुढे येथे दोन वाटाही चालत होत्या, हे सत्य एका साध्या कालक्रमाने समोर येते. जेथे वाचकाला घडामोडींचा माग काढायचा असतो त्या विभागात कालक्रम ठेवावा तो याचसाठी.

मात्र कालक्रम ठेवताना कोणते वर्ष धरायचे हे ठरवून घ्यावे लागते. पत्राचे वर्ष म्हणजे ते सुरू झाल्याचे वर्ष. अहवालाचे वर्ष म्हणजे परिषद भरल्याचे वर्ष, मग अहवाल उशिरा छापलेला असला तरी चालेल. 18 ते 20 जुलै 1942 ची परिषद ही 1942 च्या जागी यावी. आत्मकथेचे मात्र प्रकाशनाचे वर्ष धरावे, कारण आठवण त्या वर्षाच्या समजुतीतून लिहिली गेली आहे. अप्रकाशित कागदपत्रांना कालक्रमही एकटा पुरत नाही. तेथे आधी अभिलेखागार, मग खाते, मग फाइलचे वर्ष, मग फाइल क्रमांक, असा क्रम लावतात. तो तुमच्या मागून येणाऱ्या अभ्यासकाच्या सोयीसाठी असतो. कपाटापर्यंत ज्या वाटेने जावे लागते तीच वाट यादीत उतरते.

दुय्यम विभागात वाचकाची गरज वेगळी असते. तेथे तो नाव घेऊन येतो आणि झेलियटबाईंचे काय वापरले आहे हे शोधतो. म्हणून तेथे आडनावाचा अकारविल्हे क्रम ठेवावा आणि एकाच लेखकाची पुस्तके वर्षाने लावावीत. आपल्या यादीत हा क्रम असा होईल : ऑम्वेट, कीर, झेलियट, पवार, मून. आता गंमत पाहा. हीच पाच नावे रोमन लिपीत लावली तर कीर, मून, ऑम्वेट, पवार, झेलियट असा क्रम येतो. मराठी आणि इंग्रजी पुस्तके एकाच विभागात मिसळणारा विद्यार्थी अर्धी नावे या क्रमाने आणि अर्धी त्या क्रमाने लावून बसतो, आणि मून यांचे नाव दोन ठिकाणी उगवते. यावर दोन उपाय आहेत. एक, विभागाच्या आत मराठी-हिंदी आणि इंग्रजी असे दोन गट करून प्रत्येक गट आपापल्या वर्णमालेने लावायचा. दोन, इंग्रजी लेखकांची नावे क्रमापुरती देवनागरीत लिहून सगळे एकत्र लावायचे. दुसरा मार्ग घेतला तर एकच वर्णरूप पक्के करावे लागते. 'ऑम्वेट' एकदा आणि 'ओमवेट' दुसऱ्यांदा, 'झेलियट' एकदा आणि 'झेलिएट' दुसऱ्यांदा लिहिले की एकाच व्यक्तीची पुस्तके तुटून पडतात. यादी तयार झाल्यावर प्रत्येक लेखकाचे नाव एकाच रूपात आले आहे का, हे बोट ठेवून तपासावे.

झेलियटबाईंचे एक पुस्तक वर्षाच्या बाबतीतही चकवते. बाबासाहेब आणि महार चळवळ यावरचा त्यांचा प्रबंध 1969 चा. तो पुस्तकरूपाने 2004 मध्ये आणि पुन्हा दुसऱ्या नावाने 2013 मध्ये आला. विद्यार्थ्याच्या हाती 2013 ची प्रत असते. तो 2013 लिहितो आणि पुस्तक त्यांच्या 1992 च्या लेखसंग्रहाच्या खाली जाते. वाचकाला वाटते की हा विचार अगदी अलीकडचा आहे. प्रत्यक्षात झेलियटबाईंनी तो मांडला तेव्हा दलित पँथरचा जन्मही झाला नव्हता. म्हणून मूळ वर्षाने क्रम लावावा आणि वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष नोंदीत पुढे द्यावे. पानांचे आकडे मात्र वापरलेल्या आवृत्तीचेच असावेत.

आता सूची संगणकावर तयार होते, पण हा क्रम तो आपोआप राखत नाही. माझा सल्ला साधा आहे. तक्त्यात तीन रकाने करावेत. पहिल्यात विभागाचा क्रमांक, दुसऱ्यात क्रमाची खूण, तिसऱ्यात संपूर्ण नोंद. क्रमाची खूण म्हणजे ज्या विभागात कालक्रम आहे तेथे वर्ष आणि ज्या विभागात अकारविल्हे आहे तेथे ठरवलेल्या रूपातले आडनाव व वर्ष. मग संपूर्ण तक्ता एकदम निवडून आधी पहिल्या रकान्याने आणि त्याच आज्ञेत पुढे दुसऱ्या रकान्याने लावायचा. प्रत्येक रकाना वेगवेगळा निवडून लावला तर ओळी फाटतात आणि मून यांच्या नावापुढे कीर यांचे पुस्तक येऊन बसते. हे ओळखण्यासाठी क्रम लावण्यापूर्वी कोणत्याही पाच नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात आणि नंतर ताडून पाहाव्यात. बाबासाहेबांच्या खंडांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. संगणक आकड्यांना अक्षरे समजला तर 1 नंतर 10, मग 17, आणि त्यानंतर 2 असा क्रम लागतो. खुणेत 01, 02, 10, 17 असे लिहिले की प्रश्न मिटतो. जुन्या छापखानी फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराला तर वर्णमालेचा क्रम लागतच नाही, कारण आत साठवलेली अक्षरे मराठी नसतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा. आणि तेथेही 'ळ' हे अक्षर आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर येते, पण संकेतक्रमांकात ते 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसते, हे लक्षात ठेवावे.

विषयवार विभागणी केव्हा करावी असे कार्यकर्ते विचारतात. अभ्यासवर्गासाठी वाचनयादी करायची असेल तर विषयवारच करावी : शिक्षण, गिरणी कामगार, परिषदा, स्त्रियांचा सहभाग, धर्मांतर. वाचणाऱ्याला तेथे विषय हवा असतो, साक्षीचा दर्जा नव्हे. प्रबंधात मात्र आधी प्राथमिक-दुय्यम हा भेद करावा आणि गरज पडली तर दुय्यम विभागाच्या पोटात विषय पाडावेत. 'प्राथमिक साधने', 'दुय्यम साधने', 'स्त्रियांविषयीची साधने' अशी तीन शीर्षके एका पातळीवर आली की 'दोहरा अभिशाप' कोठे ठेवायचे हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ते पहिल्यातही बसते आणि तिसऱ्यातही. विभागणीच्या एका पायरीवर एकच कसोटी असावी. ज्या पोटविभागात तीनपेक्षा कमी नोंदी उरतात तो मी शेजारच्या पोटविभागात मिळवून टाकतो.

विभागणीची किंमतही मोजावी लागते. मजकुरात 'मून 1987' एवढाच निर्देश असेल तर वाचकाला ते पुस्तक शोधायला चार विभाग चाळावे लागतात. म्हणून लेखक-वर्ष पद्धतीने निर्देश करणाऱ्यांनी शक्यतो एकच अखंड सूची द्यावी, किंवा सर्व विभागांना मिळून सलग क्रमांक देऊन मजकुरात तो क्रमांक वापरावा. पृष्ठाखाली पूर्ण तळटीपा देणाऱ्यांना ही अडचण येत नाही. विभागलेली सूची त्यांनाच अधिक शोभते.

शेवटी एक गोष्ट सांगायची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. बनसोडे यांच्या पत्रांचे अंक दुर्मीळ आहेत. बहुतेक विद्यार्थ्यांनी 'मजूर पत्रिका' पाहिलेली नसते. त्यांनी मून यांच्या 1987 च्या पुस्तकात तिच्याविषयी वाचलेले असते. तरीही प्राथमिक विभाग भरगच्च दिसावा म्हणून 'मजूर पत्रिका, 1918 ते 1922' अशी ऐटबाज नोंद ते करतात. जो अंक आपण हाताळला नाही तो आपला प्राथमिक साधन होऊ शकत नाही. तो मून यांनी पाहिला, आपण मून यांना पाहिले. अशा वेळी नोंद दुय्यम विभागात मून यांच्याच नावावर राहू द्यावी आणि मजकुरात 'मून यांच्या पुस्तकात उद्धृत' असे लिहावे. अंक पाहिले असतील तर कोणत्या तारखांचे पाहिले आणि कोठे पाहिले, हे नोंदीत द्यावे. याने प्राथमिक विभाग लहान होईल. होऊ द्यावा. ज्या जागी चार अंकांची नोंद प्रामाणिकपणे केलेली असते, तेथून पुढच्या अभ्यासकाला पाचवा अंक शोधण्याची दिशा मिळते. जेथे पाच वर्षांची सगळी फाइल पाहिल्याचा आव असतो, तेथे शोध थांबतो, आणि कोणाच्या तरी घरच्या पेटीत पडलेला तो पाचवा अंक वाळवीच्या वाट्याला जातो.